‘भाग’चं ‘बाग’ कसं झालं? मॅग्नेटिक स्विच, रॅपिड ट्रिगर आणि रोजचं टायपिंग

नवा कीबोर्ड घेऊन तीन दिवस झाले होते. टाइप केलेला मजकूर तपासायला बसले, तर ‘पहिला भाग’ असायला हवं तिथे ‘पहिला बाग’. पुढे एका ठिकाणी ‘धार’चं ‘दार’ झालेलं, आणखी खाली ‘खरा’च्या जागी ‘करा’. शब्दतपासणीच्या सोयीने यातलं काहीच पकडलं नव्हतं, कारण बाग, दार आणि करा हे तिन्ही शब्द बरोबरच आहेत. चुका फक्त जिथे शिफ्ट दाबावं लागतं अशा अक्षरांवर होत होत्या. गेली अनेक वर्षं मी इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर टाइप करते, तेव्हा बोटं अचानक बिघडली असं मानायला मन तयार नव्हतं.

कारण कीबोर्डच्या सेटिंगमध्ये सापडलं. तो मॅग्नेटिक स्विचचा कीबोर्ड होता, आणि त्यातली ‘रॅपिड ट्रिगर’ ही सोय सगळ्या बटणांवर सुरू होती. कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांमध्ये या सोयीचा बराच बोलबाला आहे. ज्यांना दिवसभर फक्त लिहायचं असतं त्यांच्यासाठी मात्र तिचा अर्थ अगदी वेगळा आहे, आणि तो समजायला आधी बटणाखाली काय चालतं ते पाहावं लागेल.

## बटणाखालचा उंबरठा

नेहमीच्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटण खाली जाताना त्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, वीज वाहते आणि अक्षर उमटतं. सर्वांना माहीत असलेला चेरी एमएक्स रेड स्विच घ्या. त्याचं बटण एकूण 4 मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर उमटतं ते 2 मिलिमीटरवर. या जागेला ‘ॲक्च्युएशन पॉइंट’ म्हणतात. मी इथे तिला उंबरठा म्हणेन, कारण ती वागतेही तशीच. बोट उंबरठ्याच्या आत गेलं की बटण ‘दाबलेलं’, आणि परत वर येऊन उंबरठा ओलांडला की ‘सोडलेलं’.

हा उंबरठा कारखान्यात ठरतो. पट्ट्यांची जागा पक्की असते, त्यामुळे तो वर-खाली करायचा तर स्विचच बदलावा लागतो.

मॅग्नेटिक स्विचमध्ये या पट्ट्या नसतातच. बटणाच्या दांड्यात एक छोटासा लोहचुंबक बसवलेला असतो आणि त्याच्या खाली, सर्किट बोर्डवर, चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर. बटण दाबलं की चुंबक सेन्सरजवळ येतो आणि क्षेत्र वाढतं. वाहक पट्टीतून वीज जात असताना तिच्यावर चुंबकीय क्षेत्र लावलं, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांनी 1879 मध्ये दाखवलं होतं. सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो, म्हणून या स्विचना ‘हॉल इफेक्ट स्विच’ असंही म्हणतात. कल्पना नवी नाही. हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने 1960च्या दशकाच्या अखेरीसच असे कीबोर्ड बनवले होते.

दोन्हींतला फरक कडी आणि मोजपट्टी यांच्यातल्या फरकासारखा आहे. कडी एवढंच सांगते, लागली की नाही लागली. मोजपट्टी मात्र सांगते की बटण या क्षणी 1.3 मिलिमीटर खाली आहे, आता 1.4, आता परत 1.2. कीबोर्डमधली छोटी चिप दर सेकंदाला हजारो वेळा हे मोजमाप वाचते, आणि उंबरठा हा फक्त तिच्या स्मृतीत लिहिलेला एक आकडा उरतो. तो आपल्याला बदलता येतो, तोही प्रत्येक बटणासाठी वेगळा. सामान्यतः 0.1 पासून 4 मिलिमीटरच्या थोडं अलीकडेपर्यंत कुठेही.

## मग रॅपिड ट्रिगर म्हणजे काय?

उंबरठा कुठेही ठेवला तरी एक अडचण राहते. बटण तळापर्यंत गेलं असेल, तर ते ‘सोडलं’ असं मानलं जाण्याआधी बोटाला पुन्हा उंबरठ्यापर्यंत वर यावं लागतं. खेळात धावणारं पात्र जागच्या जागी थांबवायचं असेल तर तेवढा वेळही जास्त वाटतो. नेदरलँड्समधल्या वूटिंग या कंपनीने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे रॅपिड ट्रिगर, आणि पुढे इतरांनीही तो उचलला.

रॅपिड ट्रिगरमध्ये बटण सुटलं की नाही हे उंबरठ्यावरून ठरत नाही, दिशेवरून ठरतं. झोपाळा आठवा. झोका किती उंच गेला याला इथे महत्त्व नाही, तो परत फिरला तो क्षण महत्त्वाचा. बटण खाली जात असताना ते थोडंसं, समजा 0.2 मिलिमीटर, वर फिरलं की लगेच ‘सोडलं’. पुन्हा 0.2 मिलिमीटर खाली गेलं की ‘दाबलं’. किती हालचालीला दिशा बदलली असं मानायचं, हा आकडाही आपणच ठरवतो.

म्हणजे उंबरठा हलवणं आणि रॅपिड ट्रिगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत त्या एका दमात सांगितल्या जातात, त्यामुळे एक घेतली की दुसरीही सुरू ठेवायची असते असा समज होतो. तसं अजिबात नाही. दुसरी पूर्ण बंद ठेवून पहिली वापरता येते, आणि लिहिणाऱ्यांनी तेच करावं असं माझं मत आहे. का, ते ‘भाग’ या शब्दावरच पाहू.

## शिफ्टवरून बोट कधी उठतं?

इन्स्क्रिप्टमध्ये ‘ब’ आणि ‘भ’ एकाच बटणावर आहेत, इंग्रजी वाय जिथे असतो तिथे. नुसतं दाबलं तर ब, शिफ्टसह दाबलं तर भ. ‘भाग’ लिहिताना डाव्या हाताची करंगळी शिफ्ट धरते आणि उजव्या हाताची तर्जनी वाय दाबते. त्यानंतरचा काना आहे इंग्रजी ईच्या बटणावर, म्हणजे पुन्हा डाव्या हाताकडे.

गोम इथेच आहे. सवयीने टाइप करणारा माणूस एकेक बटण पूर्ण सोडून मग पुढच्याकडे वळत नाही. उजवी तर्जनी वाय दाबत असतानाच डावा हात कान्याकडे निघालेला असतो, आणि त्याच्याबरोबर करंगळीही शिफ्टवरून उठायला लागते. वाय आपला उंबरठा ओलांडतो त्या क्षणी शिफ्ट अजून ‘दाबलेलं’ असेल तर ‘भ’ उमटतो, नाहीतर ‘ब’.

आता आकडे घालून पाहू. करंगळीने शिफ्ट 3.8 मिलिमीटरपर्यंत दाबलेलं आहे आणि ती सेकंदाला 100 मिलिमीटर या वेगाने वर येते, असं धरू. हा हिशेबापुरता घेतलेला वेग आहे, तो माणसागणिक बदलेल. या वेगाने एक मिलिमीटर वर यायला सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे 10 मिलिसेकंद लागतात. करंगळी उठायला लागल्यानंतर 10 मिलिसेकंदांनी वाय त्याचा उंबरठा ओलांडतो, असंही धरू.

साध्या पद्धतीत शिफ्टचा उंबरठा 2 मिलिमीटरवर असेल, तर तिथपर्यंत वर यायला 1.8 मिलिमीटर जावे लागतात, म्हणजे 18 मिलिसेकंद. वाय 10व्या मिलिसेकंदाला पोहोचला, शिफ्ट तोवर दाबलेलंच होतं, ‘भ’ मिळाला. रॅपिड ट्रिगर 0.2 मिलिमीटरवर सुरू असेल, तर शिफ्ट दोनच मिलिसेकंदांत सुटतं. वाय आला तेव्हा शिफ्ट नव्हतं. ‘बाग’.

माझी बोटं चुकत नव्हती. मेकॅनिकल स्विच इतकी वर्षं माझ्या करंगळीची घाई पोटात घालत होता, आणि नव्या कीबोर्डने ती सवलत काढून घेतली होती. शिफ्ट लागणारी घ, छ, झ, थ, ध, फ ही अक्षरं आणि अ, आ, इ, ई सारखे स्वर, सगळ्यांना हाच धोका. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामांना लागतं. इन्स्क्रिप्टमध्ये ते जवळजवळ प्रत्येक वाक्यात अनेकदा लागतं, म्हणून हा त्रास मराठी लिहिणाऱ्याला लवकर आणि जास्त जाणवतो.

धरून ठेवायच्या इतर बटणांचंही असंच. बॅकस्पेस दाबून धरलं की थोडं थांबून अक्षरं एकामागून एक खोडली जायला लागतात. धरलेलं बोट किंचित सैलावलं तर रॅपिड ट्रिगर ते ‘सोडलं’ समजतो, खोडणं थांबतं, आणि बोट पुन्हा खाली गेलं की सुरुवातीची ती वाट पाहणं नव्याने सुरू. बाणांची बटणं आणि कंट्रोल धरून करायची कामंही अशीच मध्येच तुटतात.

## उंबरठा वर आणला तर टायपिंग जलद होईल ना?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे. उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण सोपं आहे.

मिनिटाला 40 शब्द आणि प्रत्येक शब्दाला पाच ठोके धरले, तर मिनिटाला 200 ठोके होतात, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सरासरी 300 मिलिसेकंद. उंबरठा 2 मिलिमीटरवरून अर्ध्या मिलिमीटरवर आणला, तर वरच्याच वेगाने प्रत्येक अक्षर साधारण 15 मिलिसेकंद आधी उमटेल. प्रत्येक अक्षर तेवढंच आधी उमटलं, म्हणून दोन अक्षरांमधलं अंतर बदलत नाही. रोजची गाडी पाच मिनिटं लवकर सोडली म्हणून प्रवासाचा वेळ कमी होत नाही, तसंच हे. पानभर मजकुराच्या शेवटी तुम्ही वाचवलेले असतात एकूण 15 मिलिसेकंद. टायपिंगचा वेग ठरतो तो बोट एका बटणावरून दुसऱ्याकडे किती लवकर जातं आणि पुढचा शब्द डोक्यात कधी तयार होतो यावर, आणि यातलं काही स्विचच्या हातात नाही.

उलट उथळ उंबरठ्याने काम वाढतं. विचार करताना बोटं मधल्या ओळीवर टेकलेली असतात, आणि उंबरठा 0.1 किंवा 0.3 मिलिमीटरवर असेल तर बोटांच्या नुसत्या वजनानेही एखादा ‘क’ किंवा वेलांटी उमटते. एका अक्षराकडे जाताना शेजारच्या बटणाला बोट घासलं, तर तेही उमटतं.

## लिहिणाऱ्याला खरा फायदा कुठे आहे

फायदा आहे तो प्रत्येक बटणाचा उंबरठा वेगळा ठेवता येण्यात, आणि बऱ्याच बटणांसाठी तो खाली नेण्यात. जाहिराती 0.1चा आकडा मिरवतात. माझ्या कामाला मात्र 2.4 आला.

मधल्या ओळीवरची, बोटं जिथे विसावतात ती बटणं मी 2.4 मिलिमीटरवर ठेवली आहेत. तिथे बोटं टेकवून कितीही वेळ विचार करा, नको ते अक्षर उमटत नाही. वरच्या आणि खालच्या ओळी 2 वर आहेत. स्पेस बार 2.6 वर, कारण माझा अंगठा सतत त्यावर पडून असतो आणि आधी शब्दांच्या मध्येच रिकाम्या जागा पडत. तुमचा अंगठा हवेत राहत असेल तर तुम्हाला याची गरज नाही.

शिफ्टच्या बाबतीत मात्र उलटा विचार करावा लागतो, आणि ते समजायला मला थोडे दिवस गेले. आधी मी शिफ्टही खोल ठेवलं होतं, चुका कमी होतील म्हणून. चुका वाढल्या. उंबरठा जितका खोल, तितकं शिफ्ट उशिरा लागतं आणि तितकंच लवकर सुटतं, म्हणजे ते ‘दाबलेलं’ असण्याचा काळ दोन्ही बाजूंनी आक्रसतो. उंबरठा 1 मिलिमीटरवर आणला तर वरच्या हिशेबात करंगळीला 2.8 मिलिमीटर वर यावं लागेल, म्हणजे सवड 18 मिलिसेकंदांऐवजी 28 झाली. शिफ्टवर बोट विसावत नसल्यामुळे उथळ ठेवण्याचा इथे तोटाही नाही. त्याच कारणाने अक्षरांचा उंबरठा फार खोल, 3 मिलिमीटरच्या पुढे, नेऊ नये. अक्षर उशिरा उमटेल आणि तोवर शिफ्ट निघून गेलेलं असेल.

आणखी एक फायदा सेटिंगशिवायच मिळतो. मेकॅनिकल स्विचच्या पट्ट्या टेकताना क्षणभर थरथरतात. ती थरथर वगळण्यासाठी कीबोर्ड काही मिलिसेकंद थांबतो, पण पट्ट्या जुन्या झाल्या, त्यांवर धूळ बसली की एकदा दाबून दोन अक्षरं उमटू लागतात. चुंबकी स्विचमध्ये टेकणाऱ्या पट्ट्याच नाहीत, त्यामुळे हा विकार त्याला होत नाही. रोज हजारो ठोके मारणाऱ्या माणसासाठी हे रॅपिड ट्रिगरपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

## बोटांना कमी श्रम पडतात का?

बटण दाबायला किती जोर लागतो हे स्प्रिंग ठरवते. सेटिंग बदलून स्प्रिंग मऊ होत नाही. उथळ उंबरठ्याला पोहोचायला कमी जोर पुरतो हे खरं, कारण स्प्रिंग जितकी दाबावी तितकी ती जास्त विरोध करते. पण आपल्यातले बहुतेक जण अक्षर उमटल्यावर थांबत नाहीत, बटण तळाला आदळेपर्यंत दाबतात. मग उंबरठा कुठेही असो, बोटाला मार तितकाच. बोटं खरंच दुखत असतील तर हलक्या स्प्रिंगचा स्विच, मनगटाची स्थिती आणि डॉक्टर या गोष्टी आधी येतात.

इथे एक उणीवही सांगायला हवी. ज्यांना बटण दाबताना मध्ये हलकासा खटका जाणवायची सवय आहे, त्यांना बहुतेक मॅग्नेटिक स्विच गुळगुळीत आणि मुके वाटतील. खटका हा प्लास्टिकच्या उंचवट्याने येतो आणि त्याची जागा पक्की असते. उंबरठा हलवला की खटका एका ठिकाणी आणि अक्षर दुसऱ्या ठिकाणी, असं व्हायला लागतं. मला स्वतःला खटका आवडायचा, आणि तो सोडणं हाच या बदलातला सगळ्यात अवघड भाग होता.

## आकडे कितपत विश्वासाचे?

सेन्सर मिलिमीटर मोजत नाही, चुंबकीय क्षेत्र मोजतो, आणि त्यावरून अंतराचा अंदाज कीबोर्ड बांधतो. तापमानाने चुंबकाची ताकद आणि सेन्सरचं वाचन दोन्ही किंचित सरकतात, आणि बटणाचा दांडा आपल्या खोबणीत थोडा हलतोही. म्हणून अंदाज पक्का ठेवायला कीबोर्डला ‘कॅलिब्रेशन’ करावं लागतं. त्यात प्रत्येक बटण पूर्ण वर असताना आणि पूर्ण तळाला असताना सेन्सर काय दाखवतो, हे नोंदवून घेतात. काही कीबोर्ड ते आपोआप करतात, काहींमध्ये सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक बटण एकदा तळापर्यंत दाबावं लागतं. एकच बटण अचानक जास्त संवेदनशील झालं, किंवा खोल दाबूनही उमटेना, तर आधी हे करून पाहा. स्विच बदलल्यावर तर ते करायलाच हवं. बदलताना एक लक्षात ठेवा: एका कीबोर्डचा मॅग्नेटिक स्विच दुसऱ्याला चालेलच असं नसतं. चुंबकाची ताकद किंवा त्याची दिशा वेगळी असेल तर वाचन चुकतं.

## सेटिंग कसं जुळवायचं

सुरुवात सगळी बटणं 2 मिलिमीटरवर आणि रॅपिड ट्रिगर बंद, अशी करा. दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा आणि चुका कोणत्या जातीच्या आहेत ते बघा. न दाबलेली अक्षरं उमटत असतील तर त्या बटणांचा उंबरठा 0.2ने खाली न्या. दाबलेली अक्षरं गळत असतील तर तेवढाच वर आणा. एका वेळी एकाच बोटाची बटणं बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. रॅपिड ट्रिगर हवाच असेल, खेळासाठी म्हणा, तर बहुतेक कीबोर्डमध्ये सेटिंगचे दोन-तीन संच जपून ठेवता येतात. खेळाचा संच वेगळा करा.

शिफ्टची परीक्षा मात्र वेगळी घ्या. ‘भाग धार खरा घर झरा थर’ ही ओळ नेहमीच्या वेगाने वीस वेळा टाइप करा, थांबून किंवा जपून नाही. मग मजकुरात ‘बाग’, ‘दार’ आणि ‘करा’ शोधा. माझ्याकडे रॅपिड ट्रिगर सुरू असताना वीस ओळींत सात ‘बाग’ निघाल्या होत्या. तो बंद करून शिफ्ट 1 मिलिमीटरवर आणल्यावर एकही निघाली नाही.